सांगलीच्या प्रतिनिधीचं अप्रेजल: एका वर्षाचा हिशेब

औषध कंपन्यांच्या फिल्डमध्ये माणसाला त्याच्या हेडक्वार्टरवरून ओळखतात. त्यामुळे या प्रकरणातल्या माणसाला मी 'सांगली' म्हणतो आणि दुसऱ्या एका सहकाऱ्याला 'इचलकरंजी'. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कंपनीचं नाव देत नाही, कारण यात चुकलं ते मुख्यतः माझंच. मी त्यांचा एरिया मॅनेजर होतो आणि माझ्याकडे आठ प्रतिनिधी होते.

सांगली सात वर्षं माझ्यासोबत होता. आधीच्या सलग दोन वर्षांत त्याला पाचपैकी चार रेटिंग मिळालं होतं. महिन्याचं सेकंडरी टार्गेट सरासरी सहा लाख, म्हणजे वर्षाचं बहात्तर. सेकंडरी म्हणजे स्टॉकिस्टकडून दुकानांत गेलेला माल. आमच्याकडे खरी विक्री तीच धरतात, कारण स्टॉकिस्टच्या गोदामात माल ढकलून आकडा फुगवता येतो, दुकानात तसा येत नाही. पुढच्या वर्षी त्याला एरिया मॅनेजर करायचं असं माझं आणि रिजनल मॅनेजरांचं बोलणंही झालेलं होतं.

2023-24 चे पहिले पाच महिने नेहमीसारखे गेले. तीस लाखांच्या टार्गेटवर एकतीस लाख झाले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं आणि उपचार परळच्या टाटा रुग्णालयात सुरू झाले. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचं, सकाळी दादरला उतरायचं, आठ-दहा दिवस राहायचं, मग बायको आणि मुलाला तिथेच ठेवून चार दिवस सांगलीत कामाला यायचं आणि पुन्हा गाडी धरायची. असे त्याचे चार महिने गेले.

मार्चअखेरचा आकडा अठ्ठावन्न लाख ऐंशी हजार, म्हणजे ब्याऐंशी टक्के. आमच्या तक्त्यात पंचाहत्तर ते नव्वद टक्क्यांना दोन गुण. दोन म्हणजे 'अपेक्षेपेक्षा कमी'. त्यात पगारवाढ नावापुरती, बढतीचा विषय दोन वर्षं बंद, आणि पुन्हा दोन आले तर सुधारणेची नोटीस.

एप्रिलमध्ये माझ्यासमोर तीन मतं आली. रिजनल मॅनेजर म्हणाले, "आकडा आकडा असतो. आठ जणांत एकाला दोन द्यावंच लागतं, तुझ्याकडे तर आयतं कारण आहे." दुसऱ्या एरियातला माझा मित्र म्हणाला, "अरे, माणुसकी म्हणून काही आहे की नाही? चार देऊन टाक, पोराचं काय चाललंय बघ." एचआरने सुचवलं की हे वर्ष 'मूल्यांकन नाही' असं दाखवावं. हा तिसरा पर्याय वरवर सगळ्यात स्वच्छ वाटला. पण त्यात त्याचे एप्रिल ते ऑगस्टचे उत्तम महिनेही पुसले जात होते. शिवाय पुढे बढतीसाठी फाइल उघडणाऱ्या माणसाला तिथे एक कोरं वर्ष दिसलं असतं, आणि कोऱ्या जागेत लोक स्वतःच काहीबाही भरतात.

पहिली गोष्ट मी तपासली ती ही, की घसरण खरंच या संकटाची आहे का. हे विचारायला जिवावर येतं, पण चांगल्या माणसाचं काम आधीपासून सुटत आलेलं असतं आणि संकट नंतर येतं, असंही मी पाहिलेलं आहे. तेव्हा सगळं खापर संकटावर फोडलं तर खरी अडचण तशीच राहते. मी तीन ठिकाणी पाहिलं. ऑगस्टपर्यंतचा कॉल अॅव्हरेज दिवसाला अकरा डॉक्टर होता, म्हणजे जिथे असायला हवा तिथेच. घसरणीच्या काळात शेजारचं इचलकरंजी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर होतं, म्हणजे बाजार पडलेला नव्हता. तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटली. सांगली शहरातले डॉक्टर फारसे घसरलेच नव्हते. घसरण विटा, जत, आटपाडी या बाहेरगावच्या मार्गांवर होती. जेवढे दिवस तो हजर होता तेवढे दिवस शहर सांभाळत होता आणि मुक्कामाची गावं सोडत होता. कारण रात्री आठला मुलाशी व्हिडिओ कॉल ठरलेला असे आणि एसटीत रेंज जाते. काम नकोसं झालेल्या माणसाची घसरण अशी नसते. तो आधी जवळचे, अवघड डॉक्टर सोडतो आणि बाहेरगावी जाऊन निवांत बसतो.

मग प्रश्न आला हिशेबाचा. सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत कामाचे अठ्ठ्याण्णव दिवस होते. त्यातले एकसष्ट दिवस तो नव्हता, सदतीस दिवस होता. नेहमीच्या रजा धरून कोणीही साधारण नव्वद दिवस काम केलं असतं. लगेच सुचणारा उपाय म्हणजे टार्गेट त्या प्रमाणात कापणं. मी ते मांडून पाहिलं. चार महिन्यांचं टार्गेट चोवीस लाख, त्याचे नव्वदातले सदतीस भाग म्हणजे सुमारे नऊ लाख नव्वद हजार. त्याची विक्री तेरा लाख वीस हजार. म्हणजे एकशे तेहतीस टक्के!

हा आकडा पाहून मी थांबलो. या हिशेबाने मुलगा रुग्णालयात असतानाचे चार महिने त्याच्या सात वर्षांतले सर्वोत्तम ठरत होते. असं होतं, कारण औषधाची विक्री हजेरीच्या प्रमाणात चालत नाही. डॉक्टरच्या हाताला एखादं नाव बसलं की प्रतिनिधी आला नाही तरी ते काही आठवडे लिहिलं जातं, विशेषतः बीपी आणि शुगरच्या गोळ्या, कारण जुना पेशंट तीच चिठ्ठी घेऊन दुकानात येत राहतो. त्यामुळे सप्टेंबरची विक्री बरीचशी त्याच्या ऑगस्टपर्यंतच्या मेहनतीची होती. उलट जानेवारी ते मार्चमध्ये तो बहुतेक दिवस हजर असूनही अठरा लाखांच्या टार्गेटवर चौदा लाख साठ हजारच झाले, म्हणजे एक्क्याऐंशी टक्के, कारण आदल्या चार महिन्यांतली अनुपस्थिती तेव्हा अंगावर येत होती. शिवाय त्याच्या यादीतले बावीस मोठे डॉक्टर या काळात इचलकरंजी सांभाळत होती. स्वतःचं काम करून आठवड्यातला एक दिवस ती सांगलीत येत होती. तेरा लाखांत तिचा वाटा होता आणि प्रमाणाच्या हिशेबात तो गिळला जात होता.

म्हणून मी ठरवलं की त्या चार महिन्यांच्या विक्रीला गुणच द्यायचे नाहीत, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. त्या काळात त्याच्या हातात जे होतं त्याचं मूल्यमापन करायचं. हजर दिवसांत किती डॉक्टर पाहिले, स्टॉकिस्टचं काम कसं ठेवलं, रिपोर्ट कसे दिले. आणि जानेवारी ते मार्चच्या विक्रीला मात्र नेहमीच्याच तक्त्याने गुण द्यायचे. इथे मित्राने मला टोकलं. "आताच म्हणालास ना, की ते मागच्या गैरहजेरीचं ओझं आहे?" बरोबर होतं त्याचं. पण त्या तीन महिन्यांत बाहेरगावचे मार्ग पुन्हा धरायला त्याला वेळ होता, आणि विट्याची फेरी त्याने फेब्रुवारीत सुरू केली. त्याने ती जानेवारीतच सुरू करायला हवी होती असं माझं मत होतं, आजही आहे. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ती मी तो बहुतांश कामावर परतला त्या दिवसापाशी ओढली.

आता प्रकरणातला अवघड भाग.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी विट्याला एकटा गेलो होतो. एका फिजिशियनने सहज विचारलं, "तुमचा प्रतिनिधी बरा आहे ना? दीड महिना झाला, दिसला नाही." मी गाडीत बसून मोबाइलवर त्याचे डीसीआर उघडले. डीसीआर म्हणजे रोजचा कॉल रिपोर्ट. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विट्याचे दोन दिवस भरलेले होते, नऊ आणि दहा डॉक्टर, त्यात या डॉक्टरांचंही नाव. त्या दोन दिवशी तो परळला होता. माझ्याच मोबाइलवर त्यातल्या एका सकाळचा त्याचा मेसेज होता, "सर, आज पोराचे काउंट चांगले आले."

खोटा डीसीआर हा आमच्या धंद्यातला सगळ्यात गंभीर गुन्हा समजतात. प्रवासभत्ता त्यावर निघतो, सॅम्पलचा हिशेब त्यावर चालतो आणि पुढच्या महिन्याचं नियोजनही त्यावरच होतं. यासाठी माणसं काढलेली मी पाहिली आहेत. मी त्याला फोन केला तर तो सबब न देता म्हणाला, "हो सर, भरले. रजा संपल्या होत्या."

तेव्हा मला माझी चूक कळली. सप्टेंबरमध्ये बातमी कळली तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "तू इकडची काळजी करू नकोस, मी बघतो." मनापासून म्हणालो होतो. पण बघतो म्हणजे काय, हे ना मी सांगितलं, ना कागदावर आणलं. प्रतिनिधींना 1976 च्या सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायद्याने कामाच्या अकरा दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा मिळत असे. वैद्यकीय दाखल्यावरची रजाही कायद्यात होती, पण ती अर्ध्या पगाराची आणि आमच्याकडे फक्त स्वतःच्या आजारपणाला मंजूर होणारी. मूल आजारी असलेल्या बापासाठी त्यात काहीच नव्हतं. त्याच्या साठलेल्या चौतीस अर्जित आणि सात किरकोळ रजा नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपल्या. त्यानंतर बिनपगारी रजा मिळू शकत होती, पण तिला रिजनल मॅनेजरांची मंजुरी लागते. आणि बिनपगारी रजेने नोकरीत खंड पडतो अशी त्याची समजूत होती. ती चुकीची होती. तसं मी त्याला कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने विचारलं नव्हतं. 'मी बघतो' या दोन शब्दांचा अर्थ त्याने आपल्या परीने लावला.

डिसेंबरमध्ये आम्ही ते नीट केलं. ते दोन दिवस बिनपगारी रजेत बदलले, त्यांचा भत्ता वळता केला, त्याला लेखी समज दिली आणि पुढच्या सगळ्या बिनपगारी रजा आधी मंजूर करून घेतल्या. आधीच्या मंजुऱ्याही मी मागून घेतल्या, त्यासाठी रिजनल मॅनेजरांचं बोलणं खाल्लं.

अप्रेजलच्या फॉर्मवर चार भाग असतात. विक्रीला साठ टक्के भार, डॉक्टर कव्हरेजला वीस, स्टॉकिस्टच्या कामाला दहा, रिपोर्टिंग आणि वर्तनाला दहा. विक्रीत पहिल्या पाच महिन्यांना चार गुण आणि शेवटच्या तीनांना दोन, त्याची सरासरी सव्वातीन. कव्हरेजला तीन, कारण हजर दिवसांत तो दहाच्या वर डॉक्टर पाहत होता, पण बाहेरगाव सुटलं होतं. स्टॉकिस्टला चार. रुग्णालयाच्या बाकावर बसून फोनवरून त्याने क्लोजिंग स्टॉक घेतला होता आणि एक्स्पायरीचा माल एकदाही साठू दिला नव्हता. रिपोर्टिंगला एक. सगळं भाराने मिळवलं तर तीनच्या किंचित वर येतं. विक्रीचा सरळ ब्याऐंशी टक्क्यांचा गुण धरला असता तर दोन पूर्णांक तीन आलं असतं आणि रेटिंग दोन झालं असतं.

मी तीन लिहिलं. चार का नाही, हे मित्राला मी असं सांगितलं की चार मिळालं की माणूस बढतीच्या यादीत येतो, आणि ज्या वर्षी त्याचे बाहेरगावचे मार्ग कोलमडले त्या वर्षाच्या बळावर त्याला आठ माणसं हाताखाली देणं त्याच्यावरच अन्याय ठरला असता. शिवाय इचलकरंजीला चार होते. दोघांच्या फॉर्मवर एकच आकडा आला असता तर दर आठवड्याला सांगलीची फेरी करणाऱ्या तिला मी कोणत्या तोंडाने भेटलो असतो? तिच्या त्या बावीस डॉक्टरांच्या कामाचा हिस्सा मी इन्सेंटिव्हमधून मिळवून दिला. सांगलीचा तिमाही इन्सेंटिव्ह मात्र मी बदलला नाही. तो विक्रीचा वाटा असतो, विक्री झाली नव्हती.

रिजनल मॅनेजरांना मी आठही फॉर्म शेजारी शेजारी ठेवून दाखवले. आमच्यात ज्याला दोन मिळायला हवे होते तो दुसराच होता. वर्षभर हजर राहून तो सत्त्याऐंशी टक्क्यांवर होता आणि त्याचा कॉल अॅव्हरेज आठच्या खाली होता. सांगलीला दोन देऊन त्याला वाचवणं सोयीचं होतं, कारण त्याच्याशी कटू बोलायची वेळ टळली असती. ते बोलणं मला करावं लागलं.

सांगलीशी बोलणं विश्रामबागेतल्या एका हॉटेलात झालं, दुपारी साडेतीनला. ओपीडी बंद असते, तेवढाच निवांत वेळ. त्याने फॉर्म दोनदा वाचला. चहा तसाच राहिला, वर साय धरली. मग म्हणाला, "सर, हवं तर दोन द्या. पण तो डीसीआरचा रिमार्क काढा."

"का रे?"

"आकडा कमी आला तर लोक म्हणतील पोराचं आजारपण होतं. तो रिमार्क वाचून मी खोटारडा आहे म्हणतील."

मी थोडा वेळ गप्प बसलो. खरं सांगायचं तर तो रिमार्क काढून टाकणं माझ्या हातात होतं आणि मनातही आलं होतं. मी त्याला म्हणालो, "रिमार्क काढला तर उद्या दुसऱ्या कोणी असं केलं की मला त्याला काहीच म्हणता येणार नाही. आणि तुझ्या लेखी समजेची प्रत फाइलमध्ये आहेच. फॉर्ममध्ये नसेल तर लपवलं असं दिसेल. पण रिमार्क पुरा वाच." त्यात मी लिहिलं होतं: "नोव्हेंबरमध्ये दोन दिवसांचे कॉल रिपोर्ट वस्तुस्थितीला धरून नव्हते. विचारताच कर्मचाऱ्याने मान्य केले. त्या काळातील रजेची व्यवस्था वेळेवर स्पष्ट करून देण्यात व्यवस्थापकाकडून कसूर झाली. त्यानंतर असा प्रकार नाही."

मुलाच्या आजाराचा उल्लेख फॉर्मवर कुठेच नव्हता. 'सप्टेंबर ते डिसेंबर या काळात एकसष्ट दिवस रजा, म्हणून या काळातील विक्रीचे मूल्यांकन केलेले नाही' एवढंच. फॉर्म पाच-सहा टेबलांवरून जातो आणि वर्षानुवर्षं राहतो. त्याच्या घरचं दुखणं त्याने मला विश्वासाने सांगितलं होतं, हेड ऑफिसच्या कपाटासाठी नाही. आजार लिहिला असता तर पुढचा वाचणारा 'हा माणूस पुन्हा अडकेल का' असाच विचार करत बसला असता.

ती वाक्यं वाचून त्याने पेन काढलं. मी म्हटलं, "थांब, सही नंतर. पुढचं वर्ष आधी ठरवू." सप्टेंबरमध्ये जे करायला हवं होतं ते आता करायचं होतं. मी विचारलं की पुढे किती वेळा जावं लागेल. आधी कधी विचारलंच नव्हतं, वाईट वाटेल म्हणून. त्याला सगळं पाठ होतं. जोराचे उपचार मे महिन्यात संपणार होते, मग दोनएक वर्षं घरीच तोंडाने घ्यायच्या गोळ्या आणि ठरावीक तारखांना परळची तपासणी. महिन्याला साधारण तीन दिवस, आणि मधेच ताप आला तर धावपळ. हे कळल्यावर बाकीचं सोपं झालं. जत आणि आटपाडी सहा महिन्यांसाठी पंढरपूरच्या प्रतिनिधीकडे दिले आणि त्यांच्यासोबत महिन्याचं एक लाखाचं टार्गेटही. सांगलीकडे पाच लाख राहिले, आणि त्या पाच लाखांना नेहमीचाच तक्ता, कोणतीही सूट नाही. परळच्या तारखा महिन्याच्या टूर प्रोग्रॅममध्ये आधीच रजा म्हणून टाकायच्या. तीस सप्टेंबरला पुन्हा बसायचं. तोपर्यंत नव्वद टक्के जमत नसतील तर रेटिंगची वाट न पाहता, मुक्काम नसलेलं काम शोधायचं का यावर बोलायचं. हे शेवटचं वाक्य बोलताना माझा आवाज जड झाला. पण न बोलता ठेवलं असतं तर ते पुन्हा 'मी बघतो' झालं असतं.

त्याने कर्मचाऱ्याच्या अभिप्रायाच्या रकान्यात 'मान्य' लिहिलं, मग जरा थांबून पुढे लिहिलं, 'रजेबाबत विचारायला हवे होते.' सही केली आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

एप्रिल ते जून त्याची विक्री टार्गेटच्या एक्क्याण्णव टक्के आली, जुलै ते सप्टेंबर सत्त्याण्णव. जुलैत मुलाला ताप आला तेव्हा पाच दिवस गेले, अर्ज गाडीत बसायच्या आधी आलेला होता. तीस सप्टेंबरच्या बैठकीत त्याने जत परत मागितलं. आटपाडी मागितलं नाही. म्हणाला, "तिथे पंढरपूरवाल्याने दोन नवे डॉक्टर जोडलेत सर, राहू द्या त्याच्याकडे." जतचं टार्गेट त्याच्या पाच लाखांत पुन्हा मिळवलं आणि ऑक्टोबरच्या टूर प्रोग्रॅमवर आम्ही सह्या केल्या. त्यात परळचे तीन दिवस आधीच भरलेले होते.